माल बिघडला आणि कागद अडला : फॉरवर्डरला लिहावयाचे तक्रारपत्र

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या शेतकऱ्याला पत्र लिहिण्याचा जो काही सराव असतो, तो बहुतांशी जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या तहसील कचेरीत द्यावयाच्या अर्जांवर झालेला असतो. आणि म्हणून, द्राक्षांचा कंटेनर दुबईला पोहोचून त्यात मणीगळ व कूज निघाली आणि वर माल सोडवून घ्यायलाही पाच दिवस लागले, की तो जे पत्र फॉरवर्डरच्या कचेरीकडे रवाना करतो, तेही नकळत अर्जाच्याच वळणावर जाते. ‘आमचा माल खराब झाला असून उशीरही झालेला आहे, तरी मेहेरबान साहेबांनी योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती,’ असा मजकूर असलेली पत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यात लबाडी नसते, अतिशयोक्ती नसते, तक्रारही रास्त असते. परंतु ज्याच्यावर हक्क सांगावयाचा त्याच्याकडेच दया मागितलेली असते, आणि दोन निरनिराळी गाऱ्हाणी ‘आणि’ या एका अव्ययाने इतकी घट्ट बांधलेली असतात, की फॉरवर्डरचा वकील त्यांपैकी दुबळे गाऱ्हाणे उचलून त्याच्या आधारे बळकट गाऱ्हाणेही निकालात काढतो.

ही गाठ सोडवणे हेच असे पत्र लिहिण्यातले मुख्य काम होय. मालाचा बिघाड आणि माल मुक्त करण्यातला विलंब यांची कारणे निराळी असतात, पुरावे निराळे असतात, आणि भरपाई मिळण्याची वाटही निराळी असते. विम्याचेच पाहा. सागरी मालविम्यात सर्रास वापरली जाणारी जी इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस नावाची कलमे आहेत, त्यांत विलंबामुळे झालेले नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेले असते. तेव्हा ‘उशीर झाला म्हणून द्राक्षे कुजली’ असे वाक्य ज्याने आपल्या सहीनिशी लिहून दिले, त्याने विमा कंपनीला नकाराचा मसुदा स्वहस्ते पुरवला असेच समजावे.

मुद्दा उघड व्हावा म्हणून उदाहरणादाखल एक प्रकरण रचून घेऊ. समजा, नारायणगावच्या आसपासच्या एका उत्पादक गटाने जंबो जातीच्या काळ्या द्राक्षांच्या पाच-पाच किलोंच्या २,६०० पेट्या वीस पॅलेटवर रचून, प्रीकूलिंग करून, १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दुपारी चार ते साडेसहा या वेळात शीत कंटेनरमध्ये भरल्या. ट्रेलर फॉरवर्डरनेच ठरवलेला होता. तो रात्री आठला पुणे-नाशिक रस्त्याला लागून मंचर, राजगुरुनगर, चाकण या मार्गाने न्हावाशेवाकडे निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास बंदरात शिरला. जहाज १७ तारखेला सुटले आणि २२ तारखेला जेबेल अलीला माल उतरला. गटाने १८ तारखेला भाड्याची सर्व रक्कम चुकती केली होती, आणि १९ तारखेला बिल ऑफ लेडिंगच्या तिन्ही मूळ प्रती फॉरवर्डरच्या कचेरीत परत देऊन, दुबईतल्या ग्राहकास मूळ कागदाविना माल सोडावा अशी लेखी सूचनाही दिली होती. तरीही माल सोडण्याचा निरोप दुबईला पोहोचला तो २७ तारखेला. कंटेनर २८ तारखेस उघडला, तेव्हा दरवाजाकडच्या दोन पॅलेटवरील २६० पेट्यांत मणीगळ, सुकलेले देठ आणि करडी बुरशी आढळली; उरलेला माल बरा होता, पण भाव उतरला होता.

येथे पहिला प्रश्न असा, की बिघाड कशाने झाला? आत ठेवलेल्या तापमान-नोंदणी यंत्राचा, ज्याला पॅकहाऊसमध्ये सगळे लॉगर म्हणतात त्याचा, आलेख काढल्यावर दिसते की शून्य अंशावर ठेवलेले तापमान १४ तारखेला १७:३० पासून चढू लागले, सहा अंशांपर्यंत गेले, आणि दुसऱ्या दिवशी ०२:३० नंतर उतरू लागले. घाईने वाचणारा लिहून टाकील, ‘सायंकाळी साडेपाच वाजता तापमान वाढले.’ आणि फॉरवर्डर हर्षभराने उत्तर देईल, की साडेपाचला तर तुमची हमाल मंडळी दार उघडे टाकून पेट्या भरीत होती, सबब दोष तुमचा! वस्तुतः असले लॉगर पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळ नोंदवतात, आणि आपली घड्याळे तिच्यापुढे साडेपाच तास असतात. म्हणजे तापमान चढले ते रात्री अकरापासून सकाळी आठपर्यंत, जेव्हा ट्रेलर फॉरवर्डरच्या ताब्यात रस्त्यावर होता आणि शीतयंत्राला वीज पुरवणारा त्याचा जनसेट बंद असला पाहिजे. बंदरात प्लग जोडताच पारा उतरू लागतो, हीही त्याच अनुमानास पुष्टी. आलेखाच्या कोपऱ्यात यूटीसी अशी बारीक अक्षरे आहेत की नाहीत एवढे पाहण्याने सबंध प्रकरणाचा दोष एका पारड्यातून दुसऱ्यात जातो. पत्रात म्हणून प्रत्येक वेळेपुढे ‘भारतीय वेळ’ किंवा ‘दुबईची वेळ’ असे लिहावे. दुबई आपल्या दीड तास मागे आहे.

दुसरा प्रश्न विलंबाचा, आणि येथे मराठी शब्दच आपल्याला दगा देतो. ‘विलंब’ म्हटले की जहाज उशिरा पोहोचले असाही अर्थ होतो आणि पोहोचलेला माल अडवून ठेवला असाही होतो. आपल्या प्रकरणात जहाज मुळीच रेंगाळले नाही. रेंगाळला तो कागद. असे का होते हे ठाऊक असावे. निर्यातदाराच्या हातात असते ते फॉरवर्डरने स्वतः दिलेले हाऊस बिल; जहाज कंपनीने फॉरवर्डरच्या नावे दिलेले मास्टर बिल निराळे असते, आणि ते मोकळे झाल्याशिवाय दुबईतला माल हलत नाही. निर्यातदाराने पैसे चुकते केले, परंतु फॉरवर्डरने तेच पैसे जहाज कंपनीकडे वेळेवर भरले नाहीत, अशा स्थितीत निर्यातदाराला कागदावर सर्व काही पूर्ण झालेले दिसते आणि माल मात्र बंदरात वीज पीत उभा राहतो.

शब्दाचा हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. आपल्याकडे १९९३ चा बहुविध मालवाहतुकीचा जो कायदा आहे, त्याखाली वाहतुकीतल्या विलंबाची भरपाई मागता येते ती माल पाठवणाऱ्याने वेळेवर पोहोच हवी असे आधी जाहीर केले असेल आणि वाहतूकदाराने ते मान्य केले असेल तरच. आणि तीही त्या मालाच्या भाड्याच्या रकमेपर्यंतच. (पुढील हंगामात बुकिंगच्या वेळीच ही जाहीरनोंद लेखी द्यावी, हे येथे जाता जाता सांगून ठेवतो.) म्हणून आपली तक्रार ‘माल उशिरा पोहोचला’ अशी न मांडता, ‘१९ तारखेची आमची लेखी सूचना आपण २७ तारखेपर्यंत अमलात आणली नाही’ अशी मांडावी. पहिली तक्रार वाहतुकीची होते, दुसरी सोपवलेल्या कामातील कसुरीची. आणि दुसरीवर वाहतुकीच्या मर्यादा लागू होतातच असे फॉरवर्डरला सहजासहजी म्हणता येत नाही. अंतिम निर्णय अर्थात हाऊस बिलाच्या पाठीवरच्या बारीक अटींवर आणि न्यायालयावर अवलंबून राहील, म्हणून रक्कम मोठी असल्यास तो कागद वकिलास दाखवावाच. त्याच कागदाच्या तळाशी फॉरवर्डरने सही ‘वाहक’ म्हणून केली आहे की कोणाचा ‘एजंट’ म्हणून, हेही पाहून घ्यावे, कारण एजंट म्हणून सही असेल तर खऱ्या वाहकाला त्याच दिवशी स्वतंत्र पत्र गेले पाहिजे.

मुदतीविषयी थोडक्यात. बाहेरून न दिसणारा बिघाड असेल, तर समुद्रमार्गे वाहतुकीच्या नियमांप्रमाणे माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी सूचना द्यावी लागते, आणि १९९३ च्या कायद्याखाली सहा दिवसांत. उघड दिसणारा बिघाड तर ताबा घेतानाच पावतीवर लिहावा लागतो. मुदत चुकली म्हणजे हक्क बुडाला असे नव्हे, पण माल चांगल्या स्थितीत मिळाला असे प्रथमदर्शनी गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याचा भार आपल्या डोक्यावर येतो. त्यामुळे दोन पत्रे लिहावीत : कंटेनर उघडला त्याच दिवशी चार ओळींची सूचना, जिच्यात आकडे नसले तरी चालतील, आणि पाहणीचा अहवाल हाती आल्यावर सविस्तर दावा. ग्राहक दुबईत पावतीवर सही करीत असेल, तर कोरी सही करू नये, एवढा निरोप त्याला आदल्या दिवशीच गेला पाहिजे.

आता सविस्तर पत्राचा मराठी पाठ देतो. कंटेनरचा क्रमांक केवळ नमुन्याचा आहे.

‘प्रति, व्यवस्थापक, निर्यात विभाग. दिनांक ४ मार्च २०२५.

विषय : कंटेनर CSQU3054383, काळी द्राक्षे, २,६०० पेट्या, (अ) मालाचा बिघाड आणि (ब) माल मुक्त करण्याची सूचना अमलात न आणणे, याबाबत भरपाईचा दावा.

महोदय,

आमच्या २८ फेब्रुवारी २०२५ च्या सूचनेस अनुसरून पुढील दावा सादर करीत आहोत.

(अ) सदरहू माल १४ फेब्रुवारी रोजी सायंकाळी ६:३० वाजता (भारतीय वेळ) शून्य अंश तापमानास भरून, मोहोरबंद करून, आपण नेमलेल्या ट्रेलरच्या चालकाच्या स्वाधीन केला. लॉगरच्या नोंदीप्रमाणे त्याच रात्री ११:०० (भारतीय वेळ) पासून १५ फेब्रुवारीच्या सकाळी ८:०० (भारतीय वेळ) पर्यंत तापमान सहा अंशांपर्यंत चढले. या काळात माल आपल्या ताब्यात होता. दरवाजाकडील दोन पॅलेटवरील २६० पेट्यांत मणीगळ व बुरशी आढळली असून पाहणी अहवाल सोबत जोडला आहे. २६० पेट्यांची किंमत, दर पेटीस ३० दिरहॅमप्रमाणे, ७,८०० दिरहॅम. त्यातून विकल्या गेलेल्या पेट्यांचे आलेले ८०० वजा जाता ७,०००. पाहणीचा खर्च १,२००. एकूण ८,२०० दिरहॅम.

(ब) भाडे १८ फेब्रुवारी रोजी चुकते केले. मूळ बिलाच्या तिन्ही प्रती १९ फेब्रुवारी रोजी परत देऊन माल मुक्त करण्याची सूचना दिली. आपल्या शिक्क्याची पोच सोबत आहे. माल २२ फेब्रुवारी रोजी जेबेल अली येथे उतरला असता, मुक्ततेचा निरोप २७ फेब्रुवारी रोजी गेला. या अवधीचे भूभाडे व वीज आकार २,१५० दिरहॅम आम्ही हरकत नोंदवून भरले. उर्वरित २,३४० पेट्यांवर, दर पेटीस ३ दिरहॅमप्रमाणे, उतरलेल्या भावाचे नुकसान ७,०२० दिरहॅम. एकूण ९,१७० दिरहॅम.

जहाज कंपनीस भाडे कोणत्या तारखेस भरले व मुक्ततेचा निरोप कोणत्या वेळी पाठविला, याचा लेखी खुलासा करावा. कंटेनरच्या शीतयंत्राची अंतर्गत तापमान-नोंद व ट्रेलरच्या जनसेटची नोंद जपून ठेवून त्यांच्या नकला द्याव्यात.

वरील दोन्ही बाबींस आम्ही आपणास जबाबदार धरतो. (अ) आणि (ब) हे दावे परस्परांपासून स्वतंत्र आहेत. सबब एकंदर १७,३७० दिरहॅम ही रक्कम हे पत्र पोहोचल्यापासून एकवीस दिवसांत अदा करावी. आमचे अन्य सर्व हक्क राखून ठेवले आहेत.

या पत्राच्या मराठी व इंग्रजी पाठांत तफावत आढळल्यास इंग्रजी पाठ प्रमाण मानावा.’

या मजकुरात एक गोष्ट मुद्दाम लिहिलेली नाही : ‘आपण जहाज कंपनीचे पैसे थकवले.’ ती गोष्ट खरी असण्याचा संभव मोठा असला तरी आपल्याजवळ तिचा पुरावा नाही, आणि सिद्ध न झालेला आरोप मूळ दाव्यालाही संशयास्पद करतो. त्यापेक्षा दोन तारखांचा खुलासा मागितला, की उत्तर दिले तरी पेच आणि न दिले तरी पेच, अशी स्थिती समोरच्यापुढे उभी राहते. दुसरी गोष्ट, बुरशी पाच दिवसांच्या अटकावाने अधिक वाढली असेल, असे मनात येणारच. ते नाकारू नये, पण पत्रात स्वतः त्याची वाटणीही करू नये. दरवाजाकडची दोनच पॅलेट बिघडली आणि आतली अठरा तेवढेच दिवस थांबूनही शाबूत राहिली, एवढी वस्तुस्थिती पाहणी करणाऱ्याकडून नोंदवून घ्यावी. कारण ती बोलकी आहे. भावातील उतार हा मात्र सगळ्यांत डळमळीत आकडा. ग्राहकाने २२ तारखेस लेखी कळवलेला भाव आणि २८ तारखेचा हिशेब, हे दोन्ही कागद हाती असतील तरच तो मागावा, नसल्यास भूभाडे व वीज आकार एवढ्यावरच समाधान मानावे.

इंग्रजी पाठ कशासाठी? कारण फॉरवर्डरच्या मुंबईतल्या कचेरीत मराठी वाचणारा भेटेल, पण दुबईतला एजंट, जहाज कंपनीचा दावा विभाग आणि विम्याचा पाहणीदार यांच्या दफ्तरी इंग्रजी पत्रच फिरणार. आणि मराठी पाठ गटातल्या सभासदांसाठी, ट्रेलरमालकासाठी आणि सही करणाऱ्या अध्यक्षासाठी. ज्या मजकुराखाली आपण सही करतो तो आपल्याला कळला पाहिजे. मात्र इंग्रजी पाठ हा मराठीचा शब्दशः अनुवाद असू नये. ‘विनंती आहे की’ याचे ‘वुई रिक्वेस्ट यू’ केले की मागणीची याचना होते. तेथे ‘वुई होल्ड यू लायेबल’ आणि ‘वुई क्लेम’ हेच शब्द हवेत. ‘नुकसान’ हा आपला एकच शब्द इंग्रजीत फुटतो : पेट्या नाहीशा झाल्या तर ‘लॉस’, बिघडल्या तर ‘डॅमेज’. ‘विलंब’ याचे ‘डिले इन ट्रान्झिट’ चुकूनही करू नये. ‘फेल्युअर टु रिलीझ’ असे लिहावे. ‘हरकत नोंदवून भरले’ याला ‘पेड अंडर प्रोटेस्ट’. ‘परवा’ हा शब्द तर कोणत्याही पाठाच्या कच्च्या मसुद्यातसुद्धा नको, कारण तो मागच्या दिवसालाही लागतो आणि पुढच्यालाही, आणि भाषांतर करणारा पुतण्या पुण्याला बसलेला असतो.

कित्येकांना पत्राच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘विदाउट प्रेज्युडिस’ असे लिहिण्याची हौस असते. शब्द भारदस्त आहेत खरे. परंतु ते तडजोडीच्या पत्रव्यवहारावर घालावयाचे असतात, आणि तसे पत्र पुढे न्यायालयात दाखवण्यास प्रतिपक्ष हरकत घेऊ शकतो. ज्या पत्राने सूचना दिल्याचे सिद्ध करावयाचे, त्याच्यावरच हा शिक्का मारून अकारण वाद ओढवून घेऊ नये. हक्क राखून ठेवल्याचे शेवटचे वाक्य पुरेसे आहे.

तारखांतील महिना दोन्ही पाठांत अक्षरांत लिहावा. ४/३ म्हणजे चार मार्च की तीन एप्रिल, याचा घोळ परदेशी कचेरीत हमखास होतो. कंटेनरचा क्रमांक मराठी पाठातही रोमन अक्षरांत व इंग्रजी अंकांतच ठेवावा. त्याची चार अक्षरे आणि सात अंक असतात, आणि शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादे अक्षर चुकले तर संगणक क्रमांकच नाकारतो आणि तुमचे पत्र ‘संदर्भ आढळत नाही’ या शेऱ्यानिशी पडून राहते.

मंचरच्या कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्यांना हाच साचा वापरता येईल, फक्त शून्य अंशाचा आलेख त्यांच्या कामाचा नाही. कांद्याला घाम सुटणे, कोंब येणे व वजन घटणे या तक्रारी असतात, तेव्हा तेथे भरतीच्या व उतराईच्या वजनपावत्या आणि कंटेनरची हवा खेळती ठेवण्याविषयी दिलेली लेखी सूचना, हे आलेखाच्या जागी येतात.

पत्र ई-मेलने पाठवून त्याच दिवशी नारायणगावच्या टपाल कचेरीतून स्पीड पोस्टानेही, पोच मिळेल अशा रीतीने, धाडावे; नकला जहाज कंपनीस व विमा कंपनीस द्याव्यात. विमा कंपनीला दिलेल्या पत्रात मात्र (अ) भागाचाच दावा करावा. मूळ लॉगर कोणी ‘तपासणीसाठी’ मागितला तरी देऊ नये. त्याचा अनुक्रमांक लिहून, दोन सभासदांच्या सह्यांनिशी पाकिटात मोहोरबंद करून ठेवावा आणि छापील आलेखच पुढे करावा. १९९३ च्या कायद्याखाली दावा दाखल करण्याची मुदत माल मिळाल्यापासून नऊ महिन्यांची आहे, समुद्रवाहतुकीच्या कायद्याखाली एक वर्षाची. दोहोंपैकी कोणती लागू याचा वाद होऊ शकतो म्हणून आपल्या प्रकरणात २८ नोव्हेंबर हाच दिवस पॅकहाऊसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तांबड्या शाईने वर्तुळून ठेवावा. ‘आम्ही चौकशी करीत आहोत’ अशी फॉरवर्डरची गोड उत्तरे येत राहिली, तरी त्या उत्तरांनी ही तारीख पुढे सरकत नाही. ती सरकवायची असेल तर मुदतवाढीचे पत्र त्याच्याकडून, त्याच्या सहीशिक्क्यानिशी, ऑक्टोबरच्या आत घेतलेले असावे.